परदेशात एमएस की इथंच एमबीए? चार वर्षांच्या अनुभवानंतरचा कोल्हापुरातल्या एका घराचा हिशेब

माझा आतेभाऊ पुण्यात हिंजवडीला नोकरी करतो. कोल्हापुरातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, चार वर्षं झाली, पॅकेज चौदा लाख, हातात महिना साधारण पंचाण्णव हजार. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या: अमेरिकेत एमएस करायचं किंवा कॅट देऊन आयआयएममध्ये जायचं. घरच्यांचं म्हणणं, "दोन्ही चांगलंच आहे, तू ठरव." शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या माडीवर आम्ही तीन रात्री वही घेऊन बसलो. त्या वहीत जे उतरलं ते इथं क्रमानं मांडतो, कारण चार वर्षांच्या टप्प्यावर असलेली आपल्याकडची बरीच मुलं नेमकी याच जागी अडकतात.

पहिली पायरी: काय बदलायचं आहे ते ठरवा

एमएस आणि एमबीए या एकाच कामाच्या दोन पदव्या नाहीत. एमएस केल्यावर तुम्ही साधारण तेच काम दुसऱ्या देशात आणि जास्त खोलात जाऊन करता. इथलं एमबीए केल्यावर देश तोच राहतो, काम बदलतं: प्रॉडक्ट मॅनेजमेंट, कन्सल्टिंग, फायनान्स, कंपनीतलं एखादं जनरल मॅनेजमेंटचं पद. "पगार वाढवायचा आहे" हे कारण खरं असलं तरी त्यातून निवड होत नाही. चार वर्षांच्या इंजिनिअरला नुसती नोकरी बदलूनही पगार वाढवता येतो, आणि त्यासाठी एक रुपयाचं कर्ज लागत नाही.

मी त्याला एक साधं काम दिलं. मागच्या सहा महिन्यांत ऑफिसमधले कोणते दिवस भराभर गेले आणि कोणते ढकलावे लागले, ते लिहून काढ. त्यानं लिहिलं, की एका डेटाबेसचा वेग का मंदावतो ते शोधण्यात तीन आठवडे कसे गेले ते कळलं नाही. क्लायंटसमोरची प्रेझेंटेशनं आणि टीमच्या कामाचं वाटप मात्र नकोसं होतं. यावरून त्याची दिशा एमबीएकडची नाही हे बरंचसं दिसलं. त्याच्या बरोबरच्या एका मैत्रिणीचं उत्तर बरोबर उलटं आलं. कोडपेक्षा 'हे फीचर बनवायचंच कशाला' या प्रश्नात तिला जास्त रस होता. ती कॅटच्या तयारीला लागली आणि ते योग्यच झालं.

चार वर्षं म्हणजे एमबीएसाठी नेमकं कुठं?

दोन वर्षांच्या एमबीएच्या वर्गात बहुतेक मुलं फ्रेशर किंवा दोन-तीन वर्षं अनुभवाची असतात. काही आयआयएमच्या निवड सूत्रात अनुभवाचे गुण ३६ महिन्यांपर्यंत वाढतात आणि पुढं थांबतात, म्हणजे चौथ्या वर्षाचा वेगळा फायदा मिळत नाही. दुसऱ्या बाजूला एक वर्षाचे कोर्स आहेत. आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्सला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो. हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीच्या पीजीपीला दोन वर्षांच्या अनुभवावरही प्रवेश मिळतो. पण आणखी काही आयआयएमचे असे कोर्स पाच वर्षांपासून पुढं सुरू होतात. तुम्ही उंबऱ्यावर उभे आहात: एका खोलीत थोडे मोठे, दुसऱ्या खोलीत अगदी लहान.

माझं मत असं, की ज्याला कामाचं क्षेत्रच पूर्ण बदलायचं आहे त्यानं दोन वर्षांचा कोर्स धरावा, कारण मधल्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप हाच नव्या क्षेत्रात शिरायचा खरा दरवाजा असतो आणि एक वर्षाच्या कोर्सला तो बहुधा नसतो. ज्याला तंत्रज्ञानातच राहून वरच्या जबाबदारीकडं सरकायचं आहे, त्यानं आणखी एक-दोन वर्षं काम करून एक वर्षाचा कोर्स केला तर जास्त पदरात पडतं.

कॅटचा फॉर्म भरण्याआधी एक काम कराच. प्रत्येक आयआयएम आपलं निवड धोरण दरवर्षी संकेतस्थळावर टाकतं. त्यात दहावी, बारावी, पदवीचे गुण, अनुभव आणि कॅट यांचं वजन किती ते दिलेलं असतं. त्यात स्वतःचे आकडे घालून बघा. दहावी-बारावीचे गुण आता बदलणार नाहीत; ते कमी असतील तर काही संस्थांत ९९ पर्सेंटाइललाही बोलावणं येत नाही, आणि हे नोव्हेंबरनंतर कळण्यापेक्षा जुलैत कळलेलं बरं. कॅट साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते आणि कोल्हापुरात केंद्र मिळतं. तिचा निकाल एकाच वर्षाच्या प्रवेशाला चालतो. जीआरई आणि जीमॅटचा निकाल पाच वर्षं टिकतो.

प्लेसमेंटचे अहवाल वाचताना सरासरी सोडा, मध्यक बघा. चार-पाच जणांना मिळालेली मोठी पॅकेजेस सरासरी वर ओढतात. आणि तुमच्यासारखा अनुभव घेऊन गेलेल्या मुलांना 'लॅटरल' भरतीत काय मिळालं, हे माजी विद्यार्थ्यांना थेट विचारा. मूळचा चार वर्षांचा सॉफ्टवेअरवाला आज काय करतो, एवढाच प्रश्न पुरे.

दुसरी पायरी: हिशेब उलट्या टोकाकडून करा

आतेभावाची वही इथंच उलटी झाली. त्यानं मांडलेला अमेरिकेचा हिशेब असा होता. मधल्या दर्जाच्या सरकारी विद्यापीठात दोन वर्षांची फी ४५ हजार डॉलर, राहणं-खाणं ३० हजार, विमा, विमानभाडं आणि इतर ५ हजार. एकूण ८० हजार डॉलर. डॉलर नव्वद रुपये धरला तर ७२ लाख. स्वतःची बचत नऊ लाख, वडिलांकडून तीन लाख, उरलेले साठ लाख कर्ज.

मग त्यानं लिहिलं, की नोकरी लागली वर्षाला १ लाख ५ हजार डॉलरची, कर आणि खर्च जाऊन महिन्याला साडेतीन हजार डॉलर तरी उरतात, दोन-सव्वादोन वर्षांत कर्ज संपलं. हे गणित चुकीचं नाही. असं घडलेली माणसं मला माहीत आहेत.

पण बँकेचं कर्ज साठ लाखांवर थांबत नाही. साडेदहा टक्क्यांनी, अर्धे पैसे पहिल्या वर्षी आणि अर्धे दुसऱ्या वर्षी उचलले, आणि शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ता सुरू झाला असं धरलं, तर तोवर सरळव्याजच अकरा लाखांच्या आसपास होतं. म्हणजे फेड सुरू होते ७१ लाखांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता येतो जवळपास ९६ हजार. तो आकडा वहीत लिहिला आणि आम्ही दोघंही गप्प झालो. त्याच्या आजच्या हातातल्या पगाराएवढा हप्ता!

म्हणून दुसरा रकाना आखला: 'परत यावं लागलं तर'. ही भीती उगाच घातलेली नाही. अमेरिकेत पदवीनंतर ओपीटी नावाच्या परवानगीवर बारा महिने काम करता येतं आणि कोर्स स्टेम प्रकारात, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरलेल्या यादीत असेल तर आणखी चोवीस. पहिल्या बारा महिन्यांत एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त काळ बेरोजगार राहता येत नाही. पुढं राहायचं तर नोकरीचा एच-वन-बी व्हिसा लागतो. त्याच्या वर्षाला ६५ हजार जागा आणि तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी वेगळ्या २० हजार, आणि अर्ज जास्त असल्यानं निवड सोडतीतून. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. तिथंच शिकून व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते लागू नाही असा खुलासा नंतर आला, पण मधले काही आठवडे मुलांच्या घरात काय चाललं होतं ते मी पाहिलं आहे. दोन वर्षांच्या शिक्षणात नियम दोनदा बदलू शकतात, एवढं धरूनच चाला.

तर समजा, शिकून परत पुण्यात आला आणि १८ लाखांची नोकरी मिळाली. हातात सव्वा लाख. त्यातून ९६ हजार हप्ता, उरले एकोणतीस हजार. त्यात पुण्यात घरभाडं द्यायचं आणि जगायचंही. हे चालत नाही.

मग आम्ही उलटं निघालो. परत आल्यावरच्या पगाराच्या चाळीस टक्के हा हप्त्याचा वरचा आकडा धरला. सव्वा लाखाचे चाळीस टक्के म्हणजे पन्नास हजार. साडेदहा टक्के, दहा वर्षं. या हप्त्यात ३७ लाख फिटतात. त्यातून शिकतानाचं व्याज वजा केलं तर मूळ कर्ज ३१ लाखांच्या आसपास. स्वतःचे बारा लाख धरून एकूण ४३ लाख. डॉलरमध्ये ४८ हजार. हे झालं त्याचं बजेट. विद्यापीठांची यादी या आकड्यानंतर करायची. बहुतेक मुलं आधी यादी करतात, प्रवेश मिळवतात आणि मग त्या प्रवेशाच्या मापाचं कर्ज शोधत फिरतात.

याच पट्टीनं दोन वर्षांचं आयआयएम मोजा. फी साधारण पंचवीस लाख धरली, स्वतःचे पाच घातले, वीस लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी. फेड सुरू होताना तेवीस लाख, सात वर्षांचा हप्ता सुमारे ३७ हजार. मनासारखं काही झालं नाही आणि २० लाखांच्या नोकरीवर आला, तरी हातात १ लाख ३५ हजार असतात. हप्ता बोचतो, पण घर चालतं. एमबीएच्या बाजूनं सगळ्यात जड मुद्दा हाच आहे. वाईटात वाईट झालं तरी माणूस उभा राहतो. यात दोन वर्षांचा बुडालेला पगार धरलेला नाही. तो दोन्हीकडं सारखाच बुडतो, म्हणून तुलनेत तो बाजूला ठेवला तरी चालतो. एक वर्षाच्या कोर्सला मात्र तो अर्धाच बुडतो, आणि तिथली फी जास्त दिसते तेव्हा हे लक्षात घ्या.

तिसरी पायरी: तारण, आणि मालमत्ता पत्रकावरची नावं

प्रवेशाच्या आधी करायचं काम हे आहे आणि नेमकं हेच शेवटी ठेवलं जातं. देशातल्या नामांकित संस्थांसाठी सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. पीएम विद्यालक्ष्मी योजनाही देशातल्याच निवडक संस्थांसाठी आहे. परदेशासाठी सरकारी बँकेकडं साडेसात लाखांच्या वर गेलात की बहुधा तारण लागतं.

त्याच्या वडिलांनी पहिल्यांदा कागलकडच्या उसाच्या शेताचा सातबारा पुढं केला. दोन एकर, पाण्याखालची जमीन, किंमत कर्जापेक्षा कितीतरी जास्त. बँकेच्या अधिकाऱ्यानं तो बघितला आणि परत दिला. कारण असं, की थकलेल्या कर्जासाठी तारण जप्त करण्याचा जो सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळं शैक्षणिक कर्जाला शेतजमीन सहसा चालत नाही, बिगरशेती झालेला प्लॉट, फ्लॅट किंवा घर लागतं. गावठाणातलं घर असेल आणि हातात फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असेल, तरी बहुतेक ठिकाणी अडतं. गुंठेवारीतला प्लॉट नियमित झालेला नसेल तर तेच.

मग पेठेतलं घर. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढलं तेव्हा त्यावर त्याच्या आजोबांचं नाव होतं. आजोबांना जाऊन अकरा वर्षं झालेली. घरफाळ्याची पावती वडिलांच्या नावावर येते म्हणून सगळ्यांना वाटत होतं की घर नावावर आहे. पण घरफाळ्याची पावती म्हणजे मालकी हक्काचा पुरावा नाही. वारस नोंद करायला घेतली तेव्हा तीन नावं लागणार हे कळलं: वडील, धाकटे काका आणि गडहिंग्लजला दिलेली त्याची सख्खी आत्या.

बँकेच्या वकिलानं सरळ सुचवलं, की दोघांकडून हक्कसोड पत्र करून घ्या. इथं मी अडवलं. भाच्याच्या शिक्षणासाठी बहिणीनं माहेरच्या घरातला हक्क कायमचा सोडायचा, हे मला पटत नाही. दुसरा मार्ग आहे. तिन्ही वारसांची नावं लागू द्या आणि तिघांनीही तारण देणारे म्हणून सह्या कराव्यात. हक्क राहतो. पण मग कर्ज थकलं तर तिचाही वाटा जातो, आणि हे तिला समजावून सांगूनच सही घ्यायला हवी. आम्ही तिला जेवायच्या ताटावर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सही करते रं, पण घर जायचं न्हाई न्हवं?" त्या प्रश्नावर साठ लाखांचा आकडा तोंडातून निघाला नाही.

वारस नोंदीलाच अडीच महिने गेले. त्यानंतर वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, तारणाचं मुद्रांक शुल्क आणि नोंद. म्हणून प्रवेशपत्र येण्याच्या किमान सहा महिने आधी मालमत्ता पत्रक हातात घ्या, त्यावरची नावं बघा आणि त्यातली माणसं हयात आहेत का ते तपासा.

व्याजाबद्दल दोन गोष्टी सांगतो. आयकरातली शैक्षणिक कर्जाची वजावट फक्त व्याजावर, आठ वर्षं आणि जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली घेतली तर ती विसरायची. आणि पतसंस्थेकडून किंवा पाहुण्यांकडून घेतलेल्या पैशांच्या व्याजावर ती मिळत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी कर्जाआधी समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघावी आणि मराठा-कुणबी विद्यार्थ्यांनी सारथीची. विद्यापीठाच्या क्रमवारीची अट तिथं असते, म्हणून विद्यापीठांची यादी करतानाच ती समोर ठेवा.

चौथी पायरी: अर्जाची कागदपत्रं

एमएससाठी अमेरिकेतल्या अर्जांच्या मुदती डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत दाटलेल्या असतात. मागं मोजत आलात तर ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज ऑगस्टमध्ये विद्यापीठात पडायला हवा. शिफारसपत्रांचं जास्त अवघड. चार वर्षांनी प्राध्यापकांना चेहरा आठवतो, काम आठवत नाही. प्रोजेक्टच्या गाइडना भेटायला जाताना जुना रिपोर्ट आणि तेव्हा काय अडलं होतं, कसं सुटलं, याचं एक पान घेऊन जा. दुसरं पत्र थेट मॅनेजरचं घ्या; मोठ्या पदाच्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाचं पत्र वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतं.

विद्यापीठाकडून व्हिसासाठी लागणारं आय-ट्वेंटी हे पत्र आलं की त्यावर कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा क्रमांक बघा, तो स्टेममध्ये आहे का. इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या कोर्सबाबत हा फरक विद्यापीठागणिक पडतो, आणि त्यावर तुमचे चोवीस महिने अवलंबून असतात.

राजीनामा व्हिसा हातात येईपर्यंत देऊ नका. नोटीस तीन महिन्यांची असेल तर ती कमी करता येते का, हे आधीच एचआरशी बोलून ठेवा. नोटीस पाळण्यासाठी व्हिसाआधीच नोकरी सोडलेला एक जण माझ्या ओळखीत आहे. व्हिसा नाकारला गेला आणि सहा महिने तो घरी बसला.

त्यानं काय केलं

४३ लाखांचं बजेट घेऊन बसल्यावर अमेरिकेतली मोजकी विद्यापीठं उरली आणि त्यातली त्याला हवी तशी एकही नव्हती. मग जर्मनी समोर आली. तिथं बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला दीड हजार युरो आहेत. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात दाखवावे लागतात. युरो १०५ रुपये धरला तर साडेबारा लाख. नोव्हेंबर २०२२ पासून आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे, त्याला वेळ लागतो, म्हणून ते त्यानं सगळ्यात आधी काढलं. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात.

तिथलीही अडचण सांगायला हवी. तुमच्या पदवीतले विषय त्यांच्या कोर्सच्या विषयांशी जुळतात का हे ते क्रेडिट मोजून बघतात आणि नाही जुळले तर चांगले गुण असूनही नकार येतो. कोर्स इंग्रजीत मिळाला तरी बऱ्याच नोकऱ्या जर्मन मागतात. दोन वर्षांचा कोर्स अडीच वर्षांवर जाणं तिथं नेहमीचं, म्हणून त्यानं एकूण खर्च तीस लाख धरला.

पहिल्या वर्षाचं बंद खातं त्याच्या स्वतःच्या नऊ आणि वडिलांच्या तीन लाखांतून जवळपास भरतं. पुढच्यासाठी अठरा लाखांचं बिनतारणी कर्ज त्यानं एका खासगी वित्तसंस्थेकडून मंजूर करून घेतलं, बँकेपेक्षा दीड टक्का महाग. घर तारण ठेवावं लागलं नाही. वारस नोंद झाली ती तशीच राहिली, तीन नावांची, आणि त्याच्या आत्याला गडहिंग्लजहून सहीसाठी यावं लागलं नाही. सध्या तो दर रविवारी पुण्यात जर्मनच्या क्लासला जातो, ए-टू पातळी झालीय, आणि निघायच्या आधी बी-वन पूर्ण करायचं असं त्यानं वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवलं आहे.